परत आलेला एक चेक आणि तीन मुदती

प्रश्न: आमचं विधी महाविद्यालय यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. यंदा लीगल एड क्लिनिकची समन्वयक म्हणून जबाबदारी माझ्याकडे आली. नव्या मुलांसमोर स्वागताचं भाषण करायचं आहे. बहुतेक मुलं शेतकऱ्यांच्या घरची आहेत. पक्षकार खरा असला की झालं, नोटिसा आणि तारखा ही नुसती कारकुनी, असं त्यांना वाटतं. प्रोसिजरसुद्धा मूळ हक्काइतकीच महत्त्वाची आहे, हे अर्ध्या तासात त्यांना पटेल असं कसं सांगू?

उत्तर:

मॅडम, भाषणात व्याख्या ठेवू नका. 'सारभूत कायदा म्हणजे काय, प्रक्रियात्मक कायदा म्हणजे काय' हे त्यांनी परीक्षेला पाठ केलेलं असतं आणि पेपर झाला की ते विसरतात. शिवाय 'प्रक्रिया ही न्यायाची दासी आहे' हे वाक्यही कुणीतरी वाचलेलं असतं. ते वाक्य खोटं नाही. साध्या दिवाणी दाव्यात लेखी कैफियत द्यायला ९० दिवसांहून उशीर झाला तरी योग्य कारण असल्यास न्यायालय ती घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे काही चुका माफ होतात. मुलांची अडचण इथेच आहे. प्रक्रियेचा त्यांना तिटकारा नसतो, पण कोणती चूक माफ होते आणि कोणती होत नाही हे ओळखता येत नाही, म्हणून ते सगळ्याच तारखा सारख्याच सैल धरतात.

म्हणून माझा सल्ला असा, की पूर्ण अर्धा तास एकाच प्रकरणावर घालवा. तुमच्याकडे फेरफार, निराधार योजना, पोटगी, वनहक्क असं काय काय येत असेल त्यावरून प्रकरण बदलता येईल. पण कापसाच्या पट्ट्यात असाल, तर परत आलेल्या चेकइतकं चांगलं उदाहरण नाही. त्यात हक्क कुणाचा हे पहिल्या मिनिटाला कळतं आणि उरलेला सगळा वेळ प्रक्रियेसाठी मोकळा राहतो.

प्रकरण असं मांडा. राळेगाव तालुक्यातली एक शेतकरी बाई. खेडा खरेदीला आलेल्या हिंगणघाटच्या व्यापाऱ्याला तिने २४ क्विंटल कापूस ७,००० रुपये भावाने दिला. एकूण १,६८,०००. व्यापाऱ्याने १८,००० रोख दिले आणि उरलेल्या १,५०,००० चा ५ जानेवारी तारखेचा चेक दिला. काटापट्टी तिच्याजवळ आहे, त्यावर त्याच्या माणसाची सही आहे. तिने राळेगावच्या आपल्या बँकेत चेक टाकला. १९ जानेवारीला तो 'फंड्स इन्सफिशियंट' म्हणून परत आला. बँकेचा मेमो तिच्या हातात पडला २७ जानेवारीला, कारण त्याआधी तिला गावातून येणं जमलं नाही. ती क्लिनिकमध्ये येते आणि म्हणते, "चेक वापस आला जी, आता का करू?"

इथे थांबून मुलांना विचारा, खरं कोण? सगळे एका सुरात सांगतील. कापूस दिला, माल मोजला गेला, भाव ठरला, चेक दिला, पैसे नाहीत. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३९ तर तिच्याच बाजूने गृहीतक धरतं, की चेक देणं लागत असलेल्या रकमेपोटीच दिला होता. तसं नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी व्यापाऱ्यावर. मूळ हक्काच्या बाबतीत याहून पक्कं प्रकरण क्लिनिकमध्ये क्वचितच येईल. मग सांगा, की हे प्रकरण चार ठिकाणी पूर्ण बुडू शकतं आणि चारही ठिकाणी कापसाचा, काट्याचा किंवा भावाचा काही संबंध नाही.

आता फळ्यावर आडवी रेघ मारून तारखा लिहायला घ्या. कलम १३८ मध्ये चेक न वटणं हा आपोआप गुन्हा होत नाही. चेक मुदतीत बँकेत टाकलेला पाहिजे, तो परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तरच गुन्हा पूर्ण होतो. त्यानंतर एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. ही एकामागून एक उघडणारी दारं आहेत. मधलं एक उघडलं नाही, तर पुढच्यापर्यंत पोहोचताच येत नाही.

पहिली मोजणी नोटिशीची. तीस दिवस कधीपासून? कायदा म्हणतो, चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून. मेमो २७ जानेवारीला हातात आला, मग २८ पासून मोजून २६ फेब्रुवारी शेवटचा दिवस निघतो. पण बँकेने १९ तारखेलाच तिच्या मोबाइलवर एसएमएस पाठवला असेल तर? समोरचा वकील नेमका तोच दाखवेल. म्हणून क्लिनिकची शिस्त अशी ठेवा, की सगळ्यात आधीची तारीख धरायची. १९ जानेवारी सोडून २० पासून मोजलं तर तिसावा दिवस १८ फेब्रुवारी येतो. आपल्यासाठी शेवटची तारीख तीच. २६ ही तारीख वाद घालण्यापुरती राखीव असते, तिच्यावर काम टाकायचं नाही.

गावाकडची माणसं तारखा पंचांगाने सांगतात, हेही इथेच सांगा. 'संक्रांत झाल्यावर चार-पाच दिवसांनी बँकेतून कळलं' हे उत्तर खोटं नसतं, पण त्यावर तीस दिवस मोजता येत नाहीत. पासबुक भरून घ्या, चेक परत आल्याच्या दिवशी खात्यातून कापलेला चार्ज बघा, मोबाइलमधला बँकेचा मेसेज उघडा, मेमोवरची तारीख बघा. मूळ चेक बँकेतच पडून असेल तर तो मेमोसकट घेऊन यायला सांगा. आणि हे सगळं बाईंचं बोलणं अर्ध्यात तोडून करायचं नाही. त्यांना मोकळं बोलू द्या, कागद हातात घ्या आणि समासात तारखा लिहीत जा. पण त्या खुर्चीवरून उठण्याआधी कागदावर नोटिशीची शेवटची तारीख लिहिलेली असली पाहिजे. बाकीची हकीकत दुसऱ्या भेटीत पूर्ण करता येते.

चेक हातात घेतला की दोन गोष्टी नीट वाचायला शिकवा. चेक कुणाच्या नावाने आहे? सातबारा नवऱ्याच्या नावावर असला की व्यापारी कधी कधी त्याच्याच नावाने चेक फाडतो. तक्रार ज्याच्या नावाने चेक आहे त्यालाच करता येते, म्हणून कापूस बाईंनी वेचला असला तरी त्या तक्रारदार होतीलच असं नाही. दुसरं, सहीखालचा शिक्का. तिथे 'प्रोप्रायटर' लिहिलंय, 'पार्टनर' की 'डायरेक्टर'? प्रोप्रायटर असेल तर दुकान आणि माणूस एकच. पार्टनर किंवा डायरेक्टर असेल तर चेक फर्मचा किंवा कंपनीचा असतो, तेव्हा नोटीस त्या फर्मच्या किंवा कंपनीच्या नावाने पाठवा आणि पुढे तिलाही आरोपी करा. कंपनीला आरोपी न करता फक्त संचालकावर खटला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. नखाएवढ्या रबरी शिक्क्यावर हे सगळं ठरतं. म्हणून चेकची झेरॉक्स मोठी करून वर्गात फिरवा आणि प्रत्येकाला शिक्का मोठ्याने वाचायला लावा.

आता नोटिशीतला मजकूर. यासाठी वकील लागतोच असं नाही. बाईंच्या सहीने किंवा साक्षीदारासमोर घेतलेल्या अंगठ्याने नोटीस पाठवता येते. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून पॅनेलवरचा वकील मिळायला काही दिवस जातात. स्त्री म्हणून बाईंना मोफत विधी सेवेचा हक्क आहेच, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पण अर्ज दिला म्हणून ३० दिवसांची मोजणी थांबत नाही. अर्ज एका बाजूला चालू द्या, नोटीस त्याची वाट बघत ठेवू नका. विद्यार्थ्यांना कोर्टात उभं राहता येत नाही, ते काम सनद असलेल्या वकिलाचं. नोटिशीचा कच्चा मसुदा, तारखांचा तक्ता आणि कागदांची जुळणी मात्र ते करू शकतात. मसुदा पॅनेलच्या वकिलाने किंवा तुम्ही वाचल्याशिवाय बाहेर जाऊ नये.

नोटिशीत सर्वांत जास्त घोटाळा रकमेत होतो. नवा विद्यार्थी विचार करतो, की एकूण व्यवहार १,६८,००० चा, वर व्याज, येण्याजाण्याचा खर्च, मनस्ताप, हे सगळं मिळून मागू. कायद्यातला शब्द 'चेकची रक्कम' असा आहे. मागणी १,५०,००० चीच पाहिजे. व्याज किंवा खर्च वेगळा दाखवून मागितला, चेकची रक्कम स्वतंत्रपणे ओळखता येत असली, तर नोटीस टिकते असे निर्णय आहेत. पण सगळं एकत्र करून एकच मोठा आकडा लिहिला की नोटीस बाद होण्याची वाट मोकळी होते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. चेक एक कोटीचा आणि नोटिशीत मागणी दोन कोटींची. टायपिंगची चूक झाली, हे कारण ऐकलं गेलं नाही. म्हणून आमचा नियम साधा आहे, की या नोटिशीत फक्त चेकची रक्कम, आकड्यात आणि अक्षरात, आणि मसुदा करणाऱ्याखेरीज दुसऱ्या विद्यार्थ्याने ती चेकशी ताडून बघायची. बाकीची वसुली दुसऱ्या पत्राने किंवा दाव्याने करता येईल.

उरलेला मजकूर सरळ असतो. व्यवहार काय झाला ते दोन-तीन वाक्यांत, चेकचा नंबर, तारीख, बँक आणि शाखा, परत आल्याची तारीख आणि मेमोवरचं कारण, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्या ही स्पष्ट मागणी. पोलिसात देऊ, बदनामी करू, अशी भाषा मुलांना जोरकस वाटते, पण तिचा कायद्याला काही उपयोग नाही. ती काढून टाका.

पत्त्यावरही भर द्या. काटापट्टीवरचा पत्ता, दुकानाच्या पाटीवरचा पत्ता आणि व्यापाऱ्याच्या घराचा पत्ता, माहीत असतील तेवढ्या सगळ्या पत्त्यांवर नोटीस पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. त्यामुळे आता स्पीड पोस्टानेच, नोंदणीची सेवा घेऊन, पोहोचल्याच्या पुराव्यासह पाठवायची. पोस्टाची पावती फाइलला लावायची आणि तिच्यावरची शाई उडून जाते म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढायची. पावतीवरचा क्रमांक टाकून ट्रॅकिंग बघत राहायचं आणि 'डिलिव्हर्ड' दिसलं की त्याच दिवशी प्रिंट काढायची, कारण ती माहिती साइटवर कायम राहत नाही. ही प्रिंट पुराव्यात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं, हेही फाइलवर लिहून ठेवायचं.

धरून चालू, की नोटीस ५ फेब्रुवारीला गेली आणि ९ फेब्रुवारीला व्यापाऱ्याला मिळाली. आता दुसरी मोजणी. ९ तारीख सोडायची, १० पासून मोजायचं, पंधरावा दिवस २४ फेब्रुवारी. त्या दिवशी रात्रीपर्यंत त्याने पैसे दिले तर गुन्हा घडलाच नाही. मुलांना हे खटकतं. वर्षभर राबून पिकवलेल्या कापसाचे पैसे दाबून ठेवणाऱ्याला आणखी पंधरा दिवस कशाला, असं विचारतील. या प्रश्नाला नीट उत्तर द्या, कारण भाषणाचा गाभा इथे आहे. चेक न वटणं ही फौजदारी बाब केली गेली १ एप्रिल १९८९ पासून. दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पैशाच्या व्यवहारावरून माणसाला तुरुंगात पाठवण्याइतकी ताकद कायदा देतो, तेव्हा त्याआधी समोरच्याला एक स्पष्ट, लेखी, मोजता येणारी संधी मिळाली का, हे तो कडकपणे बघतो. कुणाचा हिशेब खरोखर चुकलेला असू शकतो, एखाद्याचा पैसा दुसरीकडे अडकलेला असू शकतो. तो भरून टाकेल तर बाईंनाही खटल्याची वर्षं न घालवता पैसे मिळतात. ही मुदत त्या संधीचं माप आहे. ती संधी दिल्याचा पुरावा आपल्याकडे नसेल, तर शिक्षा मागण्याचा अधिकारही आपल्याकडे येत नाही.

या मुदतीत घाईसुद्धा घातक असते. उत्साही विद्यार्थी तयारी पूर्ण करून २४ फेब्रुवारीलाच तक्रार दाखल करायला सांगतो. पंधरा दिवस पूर्ण होण्याआधी दाखल झालेली तक्रार चालत नाही, आणि नंतर दिवस भरले म्हणून ती दुरुस्तही होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं. नवी तक्रार करावी लागते आणि मग उशिराची माफी मागत बसावं लागतं.

तिसऱ्या मोजणीजवळ फळ्यावर सर्वांत जास्त वेळ थांबा. २४ फेब्रुवारीला पंधरा दिवस संपले, २५ ला तक्रारीचं कारण जन्मलं. कायदा इथे '३० दिवस' म्हणत नाही, 'एक महिना' म्हणतो. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. २५ तारीख सोडून मोजलं तर तो २५ मार्चला संपतो. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, त्यामुळे हा महिनाही अठ्ठावीस दिवसांचाच होतो. ज्या विद्यार्थ्याने नोटिशीच्या सवयीने इथेही ३० मोजले, त्याचं उत्तर २७ मार्च येईल आणि तक्रार दोन दिवस उशिरा जाईल. दोन शब्दांतल्या फरकाने हे होतं. आपल्याकडे कापसाचे चेक जानेवारी-फेब्रुवारीत फिरतात, त्यामुळे ही चूक कागदावरची राहत नाही.

आता मुलांना विचारा, या तीनपैकी कोणती मुदत चुकली तर माफ होते? तक्रारीच्या एका महिन्याला कायद्यातच माफीची सोय आहे, पुरेसं कारण न्यायालयाला पटवलं तर उशिरा आलेली तक्रारही घेता येते. तरी ती मेहेरबानी आहे, हक्क नाही, आणि 'विद्यार्थ्याने तीस दिवस मोजले' हे कारण सांगताना मान खाली जाते. नोटिशीच्या तीस दिवसांना अशी कुठलीही सोय नाही. एक दिवस उशीर म्हणजे त्या वेळी परत आलेल्या चेकवर १३८ चा रस्ता बंद. आजारपण, पूर, घरातलं मरण, काहीही कारण असो.

याच ठिकाणी प्रक्रिया वाचवतेही, हे दाखवा. समजा बाई क्लिनिकमध्ये आल्याच २ मार्चला. १८ फेब्रुवारी गेली, २६ फेब्रुवारीही गेली. नवा विद्यार्थी सांगेल, उशीर झाला ताई, आता दिवाणी दावा करा. जाणता विद्यार्थी आधी चेकवरची तारीख बघेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ एप्रिल २०१२ पासून चेक तीन महिने चालतो. ५ जानेवारीचा चेक एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत जिवंत आहे. तो पुन्हा बँकेत टाकता येतो. पुन्हा परत आला की नवा मेमो, नवे तीस दिवस, आणि आधी नोटीस पाठवली नव्हती म्हणून काही बिघडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे मान्य केलं आहे. पण त्यासाठी मूळ चेक धड पाहिजे. त्यावर पिन टोचलेली, पाणी सांडलेलं किंवा कुणी पेनाने काही लिहिलेलं असेल तर बँक तो नाकारू शकते. आणि शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही, सुट्टी आडवी येते. ५ एप्रिल उलटली, की मात्र दिवाणी दावाच उरतो. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पैसे त्यातूनही मिळू शकतात, पण कलम १३९ चं गृहीतक आणि शिक्षेची धास्ती हाताशी असलेला रस्ता गेलेला असतो.

नोटीस व्यापाऱ्याने घेतलीच नाही तर काय, हा प्रश्न नक्की येईल. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं टपाल 'घेण्यास नकार', 'घर बंद', 'मागणी केली नाही' असा शेरा मारून परत आलं, तरी ते पोहोचलं असंच गृहीत धरलं जातं. चेक देणाऱ्याला खरंच मिळालं नव्हतं असं म्हणायचं असेल, तर कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायची त्याला संधी आहे. २००७ चा निर्णय आहे. अडचण फक्त तारखेची होते, कारण १५ दिवस नेमके कधीपासून धरायचे हे धूसर होतं. अशा वेळी शक्य असलेली सगळ्यात आधीची आणि सगळ्यात शेवटची अशा दोन्ही तारखा धरून दोन वेगळे तक्ते करा. दोन्हींत बसेल अशा दिवशी तक्रार दाखल करा, म्हणजे ती लवकरही ठरत नाही आणि उशिराही.

कोर्ट कुठलं, यावर थोडं बोललं तरी पुरे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक खात्यात जमा करायला टाकला असेल तर चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे, तिथलं न्यायालय. म्हणजे बाईंना हिंगणघाटला फेऱ्या मारायच्या नाहीत, राळेगावला तक्रार होते. खातं नेमकं कोणत्या शाखेचं हे पासबुकाच्या पहिल्या पानावर बघायचं, चेक कुठे टाकला त्यावरून ठरवायचं नाही.

भाषणाच्या शेवटच्या दहा मिनिटांत बाजू उलटी करा. हे सोडू नका, कारण तुमच्या क्लिनिकमध्ये चेक घेणाऱ्यांइतकेच चेक देणारेही येतील. पेरणीच्या वेळी कृषी केंद्रातून बियाणं, खत, औषध उधारीवर घेताना शेतकरी सही केलेला कोरा चेक ठेवतो. कापूस विकल्यावर तो निम्मे पैसे रोख भरतो, पावती घेत नाही किंवा चिठ्ठीवर लिहून घेतो. पुढे हिशेबावरून वाजलं की दुकानदार पूर्ण रक्कम लिहून चेक बँकेत टाकतो. कोरा चेक दिला होता, एवढ्याने शेतकरी सुटत नाही, सही त्याची असेल तर गृहीतक लागूच राहतं. पण काही पैसे चेक टाकण्याआधी दिले असतील आणि त्याची नोंद चेकवर न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला असेल, तर ती रक्कम त्या दिवशी देणं लागत नव्हती म्हणून १३८ लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. मग ती चिठ्ठी जपली का, हे सगळ्यात महत्त्वाचं होतं.

आणि याच शेतकऱ्याच्या बाजूने तुमचे विद्यार्थी तीच फळ्यावरची रेघ घेऊन बसतील. मेमो कधीचा, नोटीस कितव्या दिवशी निघाली, रक्कम चेकशी जुळते का, तक्रार पंधरा दिवस संपण्याआधी तर नाही ना झाली. मघाशी बाईंच्या वाटेत आडवी आलेली तीस दिवसांची भिंत आता या माणसाच्या पाठीशी उभी असते. नोटीस नुकतीच आली असेल, तर त्याला सर्वात आधी हे सांगायचं, की पोस्टमनला परत पाठवू नका, त्याने काही थांबत नाही. पाकीट घ्या, मिळाल्याची तारीख त्याच्यावर लिहा, पाकीट फेकू नका. जेवढं खरंच देणं आहे ते पंधरा दिवसांत बँकेतून भरा आणि बाकीच्याबद्दल लेखी उत्तर द्या. उत्तर न देता गप्प बसलेल्या माणसाचं म्हणणं पुढे साक्षीत नव्याने सुचलेलं वाटतं.

हे सगळं एका बैठकीत पचेल का, हे मुलांवर आणि तुमच्याकडे वकिलांची मदत किती आहे त्यावर अवलंबून आहे. पहिल्या वर्षाची मुलं असतील तर शेतकऱ्याची बाजू दुसऱ्या दिवशी घ्या. पॅनेलचा वकील आठवड्यातून एकदाच येत असेल, तर नोटिशीच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीची तारीख नोंदवहीत लाल शाईने लिहा आणि तीच शेवटची समजून चाला. नोंदवहीत प्रत्येक प्रकरणापुढे तीन रकाने असू द्या: पुढची तारीख कोणती, ती चुकली तर माफ होते का, आणि ती कुणाच्या हाती आहे. चेकच्या प्रकरणाला हे जमलं की फेरफाराच्या अपिलाला आणि पोटगीच्या अर्जालाही तेच रकाने वापरता येतात, उत्तरं तेवढी बदलतात.

भाषण संपल्यावर चहाआधी प्रत्येकाला जानेवारी ते एप्रिलचं कॅलेंडर छापलेला एक कागद द्या आणि वरच्या तारखा देऊन तीन उत्तरं मागा. नोटिशीचा शेवटचा दिवस, तक्रार करता येण्याचा पहिला दिवस, तक्रारीचा शेवटचा दिवस. १८ फेब्रुवारी, २५ फेब्रुवारी, २५ मार्च. नोटिशीला २६ फेब्रुवारी लिहिणाऱ्याला एसएमएसबद्दल विचारा. २७ मार्च लिहिणारे बरेच निघतील, त्यांना चहा झाल्यावर थांबवून घ्या आणि कॅलेंडरवर बोट ठेवून पुन्हा मोजायला लावा.